मुलांची राजकीय मतं घरातून येतात, की मित्रांकडून?

शुभदा_माजिवडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आज मांडते आहे.

आमचं घर राजकारणात बुडालेलं. सासरे जुन्या ठाण्यातले, शाखेत रोज जाणारे. नवरा लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून टेंभी नाक्याच्या सभा बघायचा. लेक आता १९ वर्षांची आहे, ठाण्यातल्याच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला तिने पहिल्यांदा मत दिलं आणि घरी येऊन म्हणाली, "आपल्यालाच दिलं." तिच्या बाबांना केवढा आनंद झाला! (आपला पक्ष कोणता ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर धागा दोन पोस्टींतच भरकटेल.)

आता गोष्ट अशी, की पक्ष सोडला तर बापलेकीचं एकाही विषयावर पटत नाही. स्टेशनजवळचे फेरीवाले, रस्त्यासाठी झाडं तोडणं, सोसायटीत एकट्या मुलामुलींना भाड्याने घर द्यावं की नाही, कशावरही जेवणाच्या टेबलावर वादच. नवरा म्हणतो, "ही सगळी कॉलेजातली हवा." मला तसं वाटत नाही, पण नेमकं काय वाटतं तेही सांगता येत नाही. पक्ष आमच्याकडून गेला आणि मतं गेली नाहीत, असं होऊ शकतं का? मुलगा दहावीत आहे. त्याच्यावर शाळेचा, पुस्तकाचा काही परिणाम होतो का? अभ्यास असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं.

निखिल_वाघबीळ

ताई, स्पष्ट सांगतो, घराचा जमाना गेला. माझा भाचा १८ वर्षांचा आहे, त्याला नगरसेवकाचं नाव माहीत नाही, पण परदेशातल्या निवडणुकीवर तासभर बोलतो. कुठून आलं हे? रील्समधून आणि मित्रांच्या ग्रुपमधून. आईवडिलांचं ऐकतं कोण? तुमच्या मुलीने "आपल्यालाच दिलं" म्हटलं ते बाबांना बरं वाटावं म्हणूनही असेल. मतं मित्रांकडून येतात. घरातून फार तर आडनाव आणि जात येते.

मोहन_नौपाडा

शुभदाताई, मुलगा दहावीत म्हणजे अजून वेळ आहे, पण आत्ताच माहिती असू द्या. पूर्वी फक्त १ जानेवारीला १८ पूर्ण असावी लागायची. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही देता येतो. नमुना ६ भरायचा. आमच्या वेळी मतदानाचं वय २१ होतं, ते १९८९ पासून १८ झालं. मी स्वतः तीन नातवंडांचे अर्ज भरले आहेत. काही अडलं तर विचारा.

शुभदा_माजिवडा

धन्यवाद मोहनकाका, ही माहिती उपयोगी पडेल. प्रश्न मात्र नोंदणीचा नाही, मत कसं बनतं याचा आहे.

अनघा_कोपरी

शुभदा, तुम्ही घरात जे पाहताय ना, तो या विषयातला बहुतेक सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला प्रश्न आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि त्याआधी याच विषयावर प्रबंधिका लिहिली होती, म्हणून जरा लांब लिहिते.

१९६५ साली अमेरिकेत केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी यांनी बारावीतल्या सुमारे १७०० मुलांच्या मुलाखती घेतल्या. त्यांच्या आईच्या किंवा वडिलांच्या मुलाखतीही घेतल्या, पण वेगळ्या. हे "वेगळ्या" फार महत्त्वाचं आहे. त्याआधीच्या पुष्कळ पाहण्यांत मुलालाच विचारायचे, "तुझे वडील कोणत्या पक्षाचे?" अशा वेळी मूल नकळत स्वतःचंच मत वडिलांच्या तोंडी घालतं आणि घरात आहे त्याहून जास्त एकमत दिसतं. दोघांना स्वतंत्र विचारल्यावर चित्र पालटलं. पक्षाच्या बाबतीत आईवडील आणि मुलं चांगली जुळली. तिथला सहसंबंध, म्हणजे जुळणीचं माप (शून्य म्हणजे जुळणीच नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी), ०.४७ होता, आणि माणसांच्या मतांच्या अभ्यासात हा आकडा मोठा मानतात. सरकारी शाळेत प्रार्थना असावी का, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्यात केंद्र सरकारने पुढाकार घ्यावा का, या प्रश्नांवर जुळणी मध्यम निघाली. आणि धर्माविरुद्ध कुणाला जाहीर भाषण करू द्यावं का, असल्या प्रश्नावर ती जवळजवळ नव्हतीच, ०.०५.

म्हणजे तुमच्या घरात जे दिसतंय, नेमकं तेच.

असं का होतं? पक्ष ही सोपी वस्तू आहे. तिला नाव आहे, चिन्ह आहे, झेंडा आहे, नेत्याचा फोटो आहे. वर्षानुवर्षं तेच नाव कानावर पडतं. निकालाच्या दिवशी घरातल्यांचे चेहरे कशाने खुलतात आणि कशाने पडतात, हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. फेरीवाल्यांबद्दलचं वडिलांचं मत मात्र मुलीच्या कानावर कितीदा पडतं? गर्दीत कोणाचा धक्का लागला की तेवढ्यापुरतं. मत मुलापर्यंत पोचायचं तर आधी ते स्पष्टपणे आणि पुन्हा पुन्हा दिसायला हवं. पक्ष दिसतो, मतं दिसत नाहीत.

निखिल, तुमच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धं. भाच्याला परदेशातल्या निवडणुकीची माहिती फोनवरून मिळाली, हे खरं. पण माहिती मिळणं वेगळं आणि कोणती बाजू आपली वाटणं वेगळं. त्या निवडणुकीत त्याला कोण आवडलं आणि का आवडलं, हे विचारून बघा. पुष्कळदा घरातल्याच एखाद्या जुन्या आवडीनिवडीवर ते बेतलेलं निघतं.

निखिल_वाघबीळ

अनघाताई, हा अमेरिकेतला साठ वर्षांपूर्वीचा अभ्यास. तिथे दोनच पक्ष, दीडशे वर्षं तेच. आपल्याकडे जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. नाव एकीकडे गेलं, आजोबांचा माणूस दुसरीकडे. आता मुलाने वारसा घ्यायचा तो कशाचा?

अनघा_कोपरी

अगदी रास्त शंका आहे, आणि ठाण्याइतकी ती दुसरीकडे कुठे टोचत नसेल. शिवसेनेला पहिली सत्ता इथल्याच नगरपालिकेत मिळाली, १९६७ मध्ये. म्हणजे इथल्या काही घरांत ही तिसरी पिढी आहे. इतकी वर्षं नाव, चिन्ह, शाखा आणि नेता या चारही गोष्टी एकत्र असल्यामुळे मूल त्यांतलं नक्की काय उचलतंय हे कळायला मार्गच नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एका बाजूला दिले, दुसऱ्या बाजूकडे मशाल राहिली, आणि प्रत्येक घराला निवड करावी लागली.

माझ्या ओळखीतल्या घरांत मी तीनही प्रकार पाहिले. कुणी चिन्हाबरोबर गेलं, कुणी घराण्याबरोबर. आणि बरेच जण आपल्या शाखेतला नेहमीचा माणूस जिकडे गेला तिकडे गेले. दाखल्याला, ॲडमिशनला, रात्री-अपरात्री हॉस्पिटलला उपयोगी पडला तो तोच माणूस ना! पण ही माझ्या परिचयातली घरं, यावरून ठाण्याबद्दल काही ठाम म्हणणार नाही. अमेरिकेतल्या आकड्यांवरून तर मुळीच नाही.

ओंकार_कळवा

मी २१ वर्षांचा आहे, म्हणजे तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांतला. आमच्या घरात राजकारण बोललंच जात नाही. वडील रिक्षा चालवतात, त्यांचं एकच वाक्य, "सगळे सारखेच." मी राजकारणात आलो तो गोविंदा पथकातून. नववीत असताना वरच्या थरावर चढायचो. सराव रात्री दहानंतर मैदानात. टी-शर्ट, विमा, हंडीचं बक्षीस, प्रत्येक ठिकाणी कुठल्या तरी पक्षाच्या माणसाचं नाव. मग गणपतीत वर्गणीला फिरलो, मग निवडणुकीत घरोघरी स्लिपा वाटल्या. त्या पक्षाचा जाहीरनामा मी आजपर्यंत वाचलेला नाही. पण आमच्या मंडळातल्या कुणी दुसऱ्या पक्षाचा स्टेटस ठेवला तर मला राग येतो. हे मत म्हणायचं का? मला खरंच विचारायचं आहे.

अनघा_कोपरी

ओंकार, तुम्ही फार प्रामाणिकपणे लिहिलंत. याला मत म्हणण्यापेक्षा निष्ठा म्हणावं, आणि बहुतेक माणसांच्या बाबतीत आधी निष्ठा येते, कारणं मागून येतात. तुमच्या वडिलांनी ती जागा रिकामी ठेवली होती, ती मंडळाने भरली. आईवडिलांना राजकारणात रस नसेल, किंवा दोघांचे पक्ष वेगळे असतील, तर मूल बाहेरच्या वाऱ्याला जास्त मोकळं असतं. हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

मित्रांबद्दल एक जुना पण भक्कम अभ्यास सांगते. अमेरिकेत बेनिंग्टन नावाचं मुलींचं निवासी कॉलेज होतं. मुली श्रीमंत, परंपरावादी घरांतल्या आणि प्राध्यापक सुधारणावादी. थिओडोर न्यूकोम तिथे शिकवायचे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी कॉलेजातच कौल घेतला. पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी ६२ टक्क्यांनी परंपरावादी उमेदवार लँडन यांना पसंती दिली, म्हणजे साधारण आईवडिलांइतकीच. वरच्या दोन वर्गांत तो आकडा १५ टक्क्यांवर आला होता.

इथवर वाचलं की निखिल म्हणतात तेच खरं वाटतं. पण न्यूकोम पुढे गेले आणि न बदललेल्या मुली कोण, हे त्यांनी शोधलं. त्यांतल्या बऱ्याच जणी मनाने घराशीच बांधलेल्या होत्या. कॉलेजात आपल्याला कोण मान देतं याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. उलट ज्यांना कॉलेजात पुढे यायचं होतं, मैत्रिणींत नाव व्हावं असं वाटत होतं, त्या बदलल्या. थोडक्यात, मित्र नुसते आजूबाजूला असून भागत नाही. आपण कुणासारखं व्हावंसं वाटतं, तो गट महत्त्वाचा. ओंकारला पथकातल्या मोठ्या मुलांसारखं व्हायचं होतं.

ठाण्याच्या संदर्भात आणखी एक फरक आहे. बेनिंग्टनच्या मुली तिथेच राहायच्या. आपली मुलं संध्याकाळची लोकल पकडून घरी येतात, आईच्या हातचं जेवतात आणि बाबांच्या शेजारी बसून बातम्या बघतात. वसतिगृहातला अभ्यास जसाच्या तसा इथे लावता येणार नाही.

घणसोलीकर_आगरी

अनघाताई, तुम्ही म्हणता पक्ष जातो आणि मुद्दे जात नाहीत. आमच्याकडे बरोब्बर उलटं आहे, म्हणून लिहितो.

आमची जमीन सिडकोने घेतली. आजोबा शेकापचे, दि. बा. पाटील साहेबांच्या मागे उभे राहिलेले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा आजोबा उरण भागातच होते. वडील नंतर दुसऱ्या पक्षात गेले, चुलते तिसऱ्या. मी ज्याला मत देतो तो चौथाच. पण जमीन, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायचे साडेबारा टक्के भूखंड, गावठाणातली घरं नियमित करणं या विषयांवर आमच्या घरातल्या चार पिढ्या एका सुरात बोलतात. २०२१ मध्ये विमानतळाच्या नावासाठी सिडकोला घेराव घातला, तेव्हा माझी १६ वर्षांची पुतणी स्वतः फलक रंगवून आली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती लहान असल्यापासून आजी तिला एकच वाक्य ऐकवत आली, "तो मॉल हाय ना, तिथं आपलं भाताचं खाचर व्हतं." आता बोला.

अनघा_कोपरी

दादा, या धाग्यावरची ही मला सर्वांत मोलाची पोस्ट वाटते, कारण मी वर जे लिहिलं त्याला ती मर्यादा घालते. मुद्दे मुलांपर्यंत जात नाहीत असं नाही. दिसले तर जातात. तुमच्या घरात जमिनीचा मुद्दाच रोजच्या बोलण्यात होता. सातबारा कपाटात होता, मॉल डोळ्यांसमोर होता आणि आजी बोट दाखवून सांगत होती. पक्ष मात्र दर पिढीला बदलत गेला, त्यामुळे त्याची छाप पडलीच नाही. १९६५ च्या त्या पाहणीतही शाळा एकत्र करण्याच्या प्रश्नावर जुळणी बरी होती, कारण तो प्रश्न तेव्हा घरोघरी धगधगत होता. धर्माविरुद्धच्या भाषणाचा प्रश्न कुणाच्या स्वयंपाकघरात निघत होता?

फक्त एक शंका मनात येते. पुतणीने फलक रंगवला तो आजीमुळे, की सगळं गावच रस्त्यावर होतं म्हणून? हे वेगळं करणं फार कठीण असतं. बापलेकीचं मत जुळलं की आपण त्याला वारसा म्हणून मोकळे होतो. पण दोघं एकाच गावात राहतात, एकाच खड्ड्यातून जातात, मग मत जुळणारच. याची एक साधी परीक्षा आहे. मुलीचं मत वडिलांशी जेवढं जुळतं तेवढंच शेजारच्या काकांशीही जुळत असेल, तर ते घराचं नाही, वस्तीचं आहे.

शुभदा_माजिवडा

हे घरी करून बघता येईल का?

अनघा_कोपरी

येईल. त्याचा अभ्यास म्हणून काही उपयोग नाही, एका घरावरून काहीच सिद्ध होत नाही. पण तुमच्या टेबलावरच्या वादात नक्की काय चाललंय ते कळेल. दहा प्रश्न काढा, सगळे इथलेच आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असे. पक्षाचं नाव कुठेही नको, नाहीतर पक्ष काय म्हणतो ते आठवून उत्तरं दिली जातात. वडिलांनी स्वतःचं उत्तर लिहायचं आणि शेजारी मुलीचं काय असेल तो अंदाज. मुलीनेही तसंच. वेगवेगळ्या खोल्यांत आणि आधी चर्चा न करता. मजल्यावरच्या साधारण त्याच वयाच्या एखाद्या शेजाऱ्याकडूनही फक्त उत्तरं घ्या, अंदाज नकोत.

अंदाजाचा रकाना का, तेही सांगते. २०१५ मध्ये ओहेडा आणि हतेमी यांचा अमेरिकेतल्या कुटुंबांवरचा अभ्यास आला. त्यांना दिसलं, की निम्म्याहून जास्त मुलं एक तर आईवडिलांचा पक्ष चुकीचा ओळखतात किंवा ओळखूनही तो नाकारतात. म्हणजे मूल ज्याच्या विरोधात उभं राहतं, ते पुष्कळदा आईवडिलांचं खरं मत नसतंच.

वैशाली_ऐरोली

तोवर शाळेबद्दल लिहू का? मी माध्यमिक शाळेत इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. राज्यशास्त्र आधीच इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं, त्यात मार्चपर्यंत अभ्यासक्रम संपवायचा. मुलं निवडणूक आयोगाची कार्यं पाठ करतात, पण आपल्या प्रभागात किती नगरसेवक निवडून येतात ते त्यांना माहीत नसतं. एकदा वर्गात पाणीकपातीवर दोन गट करून वाद घेतला. मुलं इतकी छान बोलली! दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन, "शाळेत राजकारण कशाला?" मुख्याध्यापकांनी मला समज दिली. मग शाळेचा परिणाम होणार कसा?

अनघा_कोपरी

वैशाली, तुमचा अनुभव आणि संशोधन एकाच बाजूला बोट दाखवतात. १९६५ च्या त्याच मुलांवर लँग्टन आणि जेनिंग्ज यांनी नागरिकशास्त्राच्या तासांचा परिणाम तपासला, तो जवळजवळ शून्य निघाला. याला अपवाद होता काळ्या मुलांचा. गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांना जे वर्गात सांगितलं जात होतं ते त्यांनी घरी आधीच ऐकलेलं होतं, काळ्या मुलांसाठी त्यातलं बरंच नवीन होतं. नंतरच्या अभ्यासांत तासांचा थोडाफार परिणाम दिसला. १९९९ मध्ये २८ देशांतल्या चौदा वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी झाली. ज्या वर्गांत मतभेदाचे विषय मोकळेपणाने बोलता येत होते, तिथल्या मुलांची नागरिक म्हणून समज जास्त दिसली. तुमचा पाणीकपातीचा तास हा तसला तास होता.

आपल्याकडे महापालिकेच्या शाळेतल्या ज्या मुलांच्या घरी अर्ज, माहितीचा अधिकार, प्रभाग समिती हे शब्द कधी निघतच नाहीत, त्यांच्यासाठी या तासाची किंमत शुभदाच्या मुलापेक्षा जास्त आहे. शुभदा, तुमच्या मुलाला पुस्तकातून फारसं नवीन काही मिळणार नाही, त्याच्या कानावर घरी सगळं पडतंच आहे. ओंकारला नववीत असा एखादा तास मिळाला असता तर कदाचित फरक पडला असता.

ओंकार_कळवा

मिळाला नाही. आमच्याकडे त्या तासाला गणिताचे सर यायचे.

शुभदा_माजिवडा

रविवारी केलं. सगळं लिहिते.

प्रश्न आमचेच. घोडबंदर रोडवर दिवसा अवजड वाहनांना पूर्ण बंदी असावी का, स्टेशनजवळचे फेरीवाले हटवावेत का, रस्त्यासाठी झाडं तोडायला हरकत नाही का, ठाणे-बोरिवली बोगदा हवा का, एकट्या मुलामुलींना सोसायटीने घर नाकारावं का, कॉलेजांत खुल्या निवडणुका व्हाव्यात का, पोलिसांनी परवानगी नाकारली तरी मोर्चा काढावा का, वगैरे. नवरा हॉलमध्ये, लेक तिच्या खोलीत. समोरच्या काकांनी हसत हसत भरून दिलं.

बापलेकीची दहापैकी सहा उत्तरं जुळली. लेकीची आणि समोरच्या काकांचीही पाच जुळली! दोन्हीकडे जुळलेले प्रश्न बघितले तर त्यांतले चार तेच: अवजड वाहनं, बोगदा, टँकरचं पाणी आणि खाजगी शाळांच्या फीवर नियंत्रण. म्हणजे ही आमच्या घराची मतं नाहीत, घोडबंदर रोडवर राहणाऱ्या कुणाचीही आहेत. फक्त बापलेकीतच जुळले असे दोनच प्रश्न, मोर्चाचा आणि फेरीवाल्यांचा. मोर्चाच्या प्रश्नावर दोघांनीही "काढावा" लिहिलं होतं. काकांनी "काढू नये".

आणि आता अंदाजाचा रकाना. लेकीचे तीन अंदाज चुकले. त्यांतला एक फेरीवाल्यांचा. तिने स्वतःचं उत्तर "हटवू नयेत" लिहिलं होतं आणि बाबांचं "हटवावेत" असेल असा अंदाज. बाबांच्या कागदावर "हटवू नयेत" होतं. ती चक्रावून गेली, म्हणाली, "तुम्ही तर दर वेळी शिव्या घालता!" तेव्हा नवऱ्याने सांगितलं, की वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हा सासऱ्यांनी जांभळी नाक्यावर दोन वर्षं लसूण-आलं विकलं होतं, आणि पालिकेची गाडी आली की हा, बारा वर्षांचा, टोपली उचलून गल्लीत पळायचा. चिडतो तो चालायला जागा नाही म्हणून. त्यांना हटवा, असं तो कधी म्हणालेलाच नाही. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, मलाही हे माहीत नव्हतं.

अनघा_कोपरी

शुभदा, मोर्चाचं उत्तर नीट बघा. पक्षाच्या नावापेक्षा खोल असं काही तुमच्या घरातून गेलं असेल तर ते बहुधा तिथे आहे. सासऱ्यांच्या शाखेत मोर्चा ही नेहमीची गोष्ट होती. मुलीला ते गृहीतच वाटतं, काकांना वाटत नाही. शासनासमोर आपण कसं उभं राहायचं, ही धारणा लहानपणी आणि न सांगता बसते. तरीही एका प्रश्नावर इमारत उभारू नका. योगायोगही असेल.

फेरीवाल्यांच्या प्रश्नात मात्र लेक वडिलांपासून दूर गेलेलीच नव्हती. वडिलांनी मत कधी दाखवलंच नाही, दाखवली ती चिडचिड. पण मग तिचं स्वतःचं "हटवू नयेत" आलं कुठून?

शुभदा_माजिवडा

तिला विचारलं. म्हणाली, कॉलेजातली तिची जवळची मैत्रीण कळव्याची आहे, तिची आई भाजी विकते.

निखिल_वाघबीळ

म्हणजे मित्रांकडूनच आलं ना? मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

अनघा_कोपरी

त्या एका प्रश्नावर, हो. पण तीच मैत्रीण तिने का निवडली, याचंही उत्तर द्यावं लागेल. लसूण विकणाऱ्या आजोबांच्या नातीला भाजीवालीची मुलगी जवळची वाटली, यात घराचा काहीच हात नाही का? गोष्ट सांगितलेली नसली तरी माणसांशी कसं बोलावं हे घरात दिसतंच. मी घराकडे झुकते, तुम्ही मैत्रिणीकडे. एवढ्या माहितीवर दोघांनाही सिद्ध करता येणार नाही.

घणसोलीकर_आगरी

मला एक विचारायचं आहे. ताईंनी लेकीचं लिहिलं, बाबांचं लिहिलं. ताई, तुमचा कागद कुठे आहे?

शुभदा_माजिवडा

मी भरलाच नाही, दादा. मला कुणी दिला नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

अनघा_कोपरी

भरा. १९६५ मध्येही आधी सगळ्यांना वाटायचं की राजकारणात वडिलांचंच चालतं. आईवडिलांचे पक्ष वेगळे असलेली घरं पाहिली तेव्हा मुलं आईकडे कमी झुकलेली दिसली नाहीत. लेकीलाही तुमच्या उत्तरांचा अंदाज लिहायला सांगा.

शुभदा_माजिवडा

आज रात्री भरते. मोर्चाच्या प्रश्नावर माझंही "काढावा" येणार हे मला आत्ताच माहीत आहे. माझे वडील गिरणी कामगार होते, १९८२ च्या संपात होते. म्हणजे ते उत्तर सासरकडून आलं असं आता म्हणता येणार नाही.

ओंकार_कळवा

अनघाताई, मी हेच प्रश्न आमच्या पथकातल्या मुलांकडून भरून घेऊ का? पक्षाचं नाव न घालता. आमचं सगळ्यांचं एकच येईल असं मला वाटत होतं, आता खात्री नाही.

अनघा_कोपरी

जरूर घ्या. फक्त सरावानंतर सगळे एकत्र बसलेले असताना नको, एकमेकांचं बघून लिहितील. एकेकाला घरी जाताना कागद द्या. आणि पथकात नसलेल्या, पण त्याच चाळींतल्या तेवढ्याच मुलांकडूनही घ्या, नाहीतर पथकाचं काय आणि कळव्याचं काय ते कळणार नाही.